नोकरीच्या प्रस्तावपत्राचा मराठी अनुवाद : वेतनघटक, परिवीक्षा आणि पूर्वसूचना यांतील अर्थनिश्चितीची चिकित्सा

प्रास्ताविक

अनुवादाची मराठीतील चर्चा प्रामुख्याने ललित साहित्याभोवती फिरत आली आहे. कादंबरीचा अनुवाद करताना मूळ कृतीतील सूर, लय आणि संस्कृतिविशेष कसे जपावेत, याविषयी आपल्याकडे बरेच लेखन झाले आहे. व्यवहारातील संहितांच्या अनुवादाकडे मात्र कामचलाऊ भाषांतर म्हणूनच पाहिले जाते. महाविद्यालयांत होणाऱ्या परिसर मुलाखतींनंतर विद्यार्थ्याच्या हाती पडणारे इंग्रजी प्रस्तावपत्र ही अशीच एक व्यवहारसंहिता होय. घरातील वडीलधाऱ्यांना ते वाचता यावे, कर्जासाठी सहकारी पतसंस्थेत त्याचा आशय सांगता यावा, अशा कारणांनी त्याचा मराठी अनुवाद केला जातो. हे काम बहुधा प्लेसमेंट विभागाकडे किंवा मराठीच्या प्राध्यापकाकडे येते.

प्रस्तुत लेखात अशा एका अनुवादाची चिकित्सा केली आहे. चिकित्सेसाठी घेतलेले पत्र हे प्रचलित पत्रांच्या धर्तीवरील नमुना आहे. त्यातील कंपनी व उमेदवार अनाम आहेत. अनुवादातील सदोष वाक्येही अशा अनुवादांत वारंवार घडू शकणाऱ्या चुकांचे नमुने म्हणून घेतली आहेत. पत्रानुसार एका अभियांत्रिकी पदवीधराने १५ जुलै २०२४ रोजी पुणे येथे रुजू व्हावयाचे आहे. वार्षिक आकडा ४,२०,००० रुपयांचा आहे, परिवीक्षा सहा महिन्यांची आहे आणि सेवेत कायम झाल्यानंतरची पूर्वसूचना ६० दिवसांची आहे. अनुवादाची मराठी सुबोध व प्रवाही असूनही तो वाचून उमेदवाराच्या घरी होणारा हिशेब चुकतो. तो का चुकतो आणि मराठीच्या कोणत्या सवयी त्यास कारणीभूत ठरतात, हा या लेखाचा विषय आहे.

प्रस्ताव आणि नेमणूक

अनुवादाचे शीर्षकच 'नियुक्तिपत्र' असे आहे. मूळ पत्र मात्र 'ऑफर लेटर' आहे. हा फरक केवळ नावाचा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार एका पक्षाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याची स्वीकृती यांतून करार आकारास येतो. प्रस्तावपत्र ही त्यातील पहिली पायरी. नमुना पत्रात अंतिम वर्षाची परीक्षा सर्व विषयांसह उत्तीर्ण होणे, मूळ प्रमाणपत्रांची पडताळणी होणे आणि ठरलेल्या तारखेस रुजू होणे अशा तीन अटी आहेत. त्या पूर्ण झाल्यावर स्वतंत्र नियुक्तिपत्र देण्यात येईल, असे पत्रात म्हटले आहे.

अनुवादात या अटी आहेत, पण त्यांचे स्थान बदलले आहे. मूळ वाक्यात 'सब्जेक्ट टू' हे शब्द आरंभी येतात आणि पुढील सर्व काही त्या अटींवर टांगलेले राहते. अनुवादकाने आधी 'आपली निवड करण्यात आली आहे' असे पूर्ण वाक्य लिहिले आणि नंतर 'आपण परीक्षा उत्तीर्ण व्हावे' असे दुसरे वाक्य जोडले. परिणामी अट ही अट न राहता उपदेश झाली. मराठीत अटीसाठी 'तर', 'तरच' आणि 'अधीन राहून' हे पर्याय उपलब्ध आहेत. 'पुढील तीन अटी पूर्ण झाल्या तरच हा प्रस्ताव अमलात येईल' असे वाक्य लिहिल्यास ते किंचित रूक्ष होते, परंतु मूळ पत्रात जे आहे तेच सांगते.

'वेतन' या एका शब्दाचे अनेक अर्थ

अनुवादातील सर्वांत गंभीर दोष वेतनाच्या परिच्छेदात आढळतो. मूळ पत्रातील मासिक तपशील पुढीलप्रमाणे आहे.

मूळ वेतन : रु. १८,२००
घरभाडे भत्ता : रु. ७,२८०
विशेष भत्ता : रु. ४,०००
भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचे अंशदान : रु. २,१८४
उपदानाची तरतूद : रु. ८७५
सामूहिक विम्याचा हप्ता : रु. ४६१
कामगिरीवर आधारित बदलती रक्कम, वार्षिक कमाल रु. २४,०००, म्हणजे मासिक सरासरी : रु. २,०००
एकूण : रु. ३५,०००

या बेरजेची बारा पट म्हणजे ४,२०,००० रुपये. मूळ पत्रात या आकड्यास 'कॉस्ट टू कंपनी' असे म्हटले आहे, म्हणजे एका कर्मचाऱ्यापोटी कंपनीवर वर्षभरात पडणारा खर्च. अनुवादात त्याच जागी 'वार्षिक वेतन' असे शब्द आहेत. हा आकडा खर्चाच्या बाजूने मोजलेला आहे आणि वेतन हा शब्द मिळकतीच्या बाजूचा आहे. एकाच रकमेकडे दोन बाजूंनी पाहिले असता ती रक्कम सारखी राहत नाही, हे येथे ध्यानात घेतलेले नाही.

पत्रातील आकड्यांवरून हा फरक स्पष्ट होतो. पहिले तीन घटक तेवढे दरमहा पगारपत्रकावर जमा होतात. त्यांची बेरीज २९,४८० रुपये होते. त्यातून भविष्य निर्वाह निधीची कर्मचाऱ्याची स्वतःची वर्गणी, म्हणजे मूळ वेतनाच्या १२ टक्के, २,१८४ रुपये वजा होते. महाराष्ट्रातील व्यवसाय कराचे २०० रुपये वजा होतात. फेब्रुवारी महिन्यात ही कपात ३०० रुपयांची असते. या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही. अशा रीतीने अकरा महिने २७,०९६ आणि एक महिना २६,९९६ रुपये हाती येतात. वर्षाची बेरीज ३,२५,०५२ रुपये होते. 'वार्षिक वेतन ४,२०,०००' असे वाचणारा पालक बाराने भागून ३५,००० रुपयांची अपेक्षा धरतो. महिन्याला सुमारे आठ हजारांची ही तफावत शैक्षणिक कर्जाचा हप्ता ठरविताना निर्णायक ठरू शकते.

यातील सगळी तफावत बुडीत नसते, हेही तितकेच खरे. निधीतील दोन्ही अंशदाने कर्मचाऱ्याच्या खात्याशी जोडलेली असतात. म्हणूनच 'वेतन' या शब्दाने सर्व काही झाकण्याऐवजी प्रत्येक घटकाचे स्वरूप वेगळे दिसणे आवश्यक ठरते. उपदानाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ८७५ रुपयांचा आकडा मूळ वेतनाच्या १५ भागिले २६ या प्रमाणातून आला आहे. १८,२०० रुपयांवर वर्षाकाठी १०,५०० रुपये होतात आणि त्यांचा बारावा हिस्सा ८७५ रुपये होतो. पत्राच्या वेळी लागू असलेल्या उपदान अधिनियम, १९७२ नुसार सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा झाल्यावरच ही रक्कम देय होत असे. मृत्यू किंवा अपंगत्वाच्या प्रसंगी ही अट लागू नसते. अनुवादात मात्र घरभाडे, विशेष भत्ता आणि उपदान हे तिन्ही घटक 'भत्ते' या एकाच मथळ्याखाली आले आहेत. तीन वर्षांनी नोकरी सोडणाऱ्याला तिसरा 'भत्ता' मिळालेलाच नसतो. मूळ पत्रात 'तरतूद' या अर्थाचा शब्द होता, तो गळल्यामुळे हा गैरसमज निर्माण झाला.

बदलत्या रकमेच्या बाबतीत 'कमाल' हा शब्द गळला आहे. मूळ पत्रात 'अप टू' असे शब्द होते. अनुवादात 'कामगिरीनुसार रु. २४,०००' असे आहे. मूळ वाक्यात शून्यापासून २४,००० पर्यंतची कोणतीही रक्कम बसते. अनुवादित वाक्यात कामगिरी समाधानकारक असल्यास पूर्ण रक्कम मिळण्याची हमी दिसते. 'जास्तीत जास्त' हे दोन शब्द लिहिले असते तर हा प्रश्न उरला नसता.

कपातीपूर्वीच्या रकमेला काय म्हणावे, हा प्रश्न शब्दयोजनेच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. वाणिज्य शाखेत 'ढोबळ नफा' आणि 'निव्वळ नफा' हे शब्द स्थिरावले आहेत. त्या धर्तीवर 'ढोबळ वेतन' असे लिहिता येते आणि अनुवादकाने एके ठिकाणी तसे लिहिलेही आहे. परंतु बोलीत 'ढोबळ' म्हणजे अंदाजे, मोघम. वाणिज्याशी परिचय नसलेला वाचक 'ढोबळ वेतन २९,४८०' याचा अर्थ 'साधारण तीस हजारांच्या आसपास' असा घेईल. 'स्थूल' या शब्दाचेही तसेच. अशा ठिकाणी पारिभाषिक शब्दाचा आग्रह सोडून 'कपातीपूर्वीचे मासिक वेतन' आणि 'हाती येणारे मासिक वेतन' असे वर्णनात्मक शब्द योजणे श्रेयस्कर होय. ते लांब आहेत, पण त्यांचा दुसरा अर्थ निघत नाही.

येथे मराठी गद्याच्या एका संस्काराचा विचार करणे अगत्याचे आहे. एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये, हे निबंधलेखनात आपल्याला शाळेपासून शिकविले जाते. प्रस्तुत अनुवादात 'वेतन', 'पगार', 'मानधन', 'वेतनमान' आणि 'मोबदला' हे पाच शब्द आलटून पालटून आले आहेत. त्यांपैकी 'मानधन' हा शब्द तर नोकरीतील वेतनास लागूच पडत नाही. उलट जेथे मूळ पत्रात मूळ वेतन, कपातीपूर्वीचे वेतन आणि एकूण खर्च अशा तीन भिन्न राशी आहेत, तेथे अनुवादात एकटा 'वेतन' हा शब्द आहे. थोडक्यात, जेथे शब्द एक हवा तेथे पाच आले आणि जेथे तीन हवेत तेथे एक आला. ललित गद्यात जी पुनरुक्ती दोष मानली जाते, तीच येथे गुण ठरते.

'मूळ वेतन' आणि 'वेतन' हे शब्द वेगळे ठेवण्यास आता आणखी एक कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता अमलात आल्या. त्यांत वेतनाची एकच व्याख्या स्वीकारली आहे. घरभाडे भत्ता, निधीतील मालकाचे अंशदान अशा काही बाबी तीतून वगळल्या आहेत. मात्र वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास अधिकची रक्कम वेतनातच धरली जाते. 'विशेष भत्ता' हे नाव त्या वगळणुकीच्या यादीत नाही. म्हणजे आज याच आकड्यांचे पत्र दिले गेल्यास मूळ वेतन १८,२०० रुपयेच राहील, पण संहितेच्या अर्थाने वेतन त्याहून अधिक भरू शकेल आणि उपदानाचा हिशेबही त्यानुसार बदलेल. अनुवादकाने हा हिशेब करावयाचा नाही. पण 'मूळ' हे विशेषण अनावश्यक समजून गाळले, तर तो हिशेब करण्याची वाटच बंद होते.

परिवीक्षा : मुदत, मुदतवाढ आणि मौन

परिवीक्षेसंबंधीच्या कलमात मूळ पत्रात तीन विधाने आहेत. पहिले असे की, रुजू झाल्यापासून सहा महिने परिवीक्षेचे राहतील. दुसरे असे की, कंपनी ही मुदत आणखी तीन महिन्यांपेक्षा अधिक नाही इतकी वाढवू शकेल. तिसरे असे की, लेखी आदेशाने कायम केल्याखेरीज कर्मचारी परिवीक्षेवरच असल्याचे मानले जाईल. अनुवादात या तिन्हींचे मिळून एक वाक्य झाले आहे : 'सहा महिन्यांचा उमेदवारीचा काळ समाधानकारकरीत्या पूर्ण केल्यानंतर आपणांस सेवेत कायम करण्यात येईल, आवश्यकता भासल्यास सदर कालावधी वाढविण्यात येईल.'

प्रथम 'उमेदवारी' या शब्दाविषयी. हा शब्द मराठीत जुना व प्रतिष्ठित आहे. एखाद्याच्या हाताखाली उमेदवारी करणे म्हणजे काम शिकणे. पण याच शब्दापासून 'शिकाऊ उमेदवार' ही संज्ञा सिद्ध झाली असून ती शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ शी निगडित आहे. त्या अधिनियमाखालील शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, आणि त्याला वेतन नव्हे तर विद्यावेतन मिळते. परिवीक्षाधीन कर्मचारी मात्र पहिल्या दिवसापासून कर्मचारीच असतो, फक्त त्याची सेवा अद्याप कायम झालेली नसते. 'उमेदवारीचा काळ' असे वाचल्यावर निधी कापला जाईल किंवा नाही, येथपासून शंका उद्भवतात. शासकीय मराठीत रूढ असलेला 'परिवीक्षा' हा शब्द अवघड असला तरी नोकरीच्या संदर्भात त्याचा दुसरा अर्थ नाही. तो पहिल्यांदा येईल तेथे 'सेवेत कायम करण्यापूर्वीचा पारखणीचा काळ' असे एकदा सांगून पुढे सर्वत्र तोच योजावा.

दुसरा प्रश्न क्रियापदाच्या रूपाचा. मूळ पत्रात मुदतवाढीसाठी 'मे' हे सहायक क्रियापद आहे. त्यात अधिकार आहे, निश्चिती नाही. अनुवादकाने 'वाढविण्यात येईल' असे लिहिले. '-ण्यात येईल' हा शासकीय मराठीचा आवडता साचा होय. त्यात कर्ता दिसत नाही आणि शक्यता व निश्चिती यांतील भेदही पुसला जातो. 'वाढविता येईल' असे लिहिल्यास शक्यता परत येते, पण कोणाला वाढविता येईल हे तरीही गुलदस्तातच राहते. 'कंपनी ही मुदत वाढवू शकेल' या वाक्यात कर्ता आणि शक्यता दोन्ही आहेत. साध्या कर्तरी रचनेने जे साधते ते कर्मणी रचनेच्या भारदस्तपणाने हरवते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा म्हणजे गळलेली दोन बंधने. 'तीन महिन्यांपेक्षा अधिक नाही' आणि 'लेखी आदेशाखेरीज' हे शब्दप्रयोग अनुवादात नाहीत. त्यांचे मोल न्यायालयांच्या निर्णयांतून समजते. पंजाब राज्य विरुद्ध धरमसिंग या १९६८ च्या प्रकरणात सेवानियमांनी परिवीक्षेची कमाल मर्यादा ठरवून दिली होती. ती उलटल्यानंतरही कर्मचारी कामावर राहिला, तेव्हा तो कायम झाल्याचे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. मध्य प्रदेश उच्च न्यायालय विरुद्ध सत्यनारायण झवर या २००१ च्या निर्णयात अशा प्रकरणांचे तीन वर्ग स्पष्ट करण्यात आले. मुदत वाढविण्याचा अधिकार असून कमाल मर्यादा नसेल, तर केवळ काळ लोटल्याने कोणी कायम होत नाही. कमाल मर्यादा असेल, तर ती उलटल्यावर कायम झाल्याचा अर्थ निघू शकतो. पण कमाल मर्यादा असूनही कायम करण्यासाठी मालकाची एखादी निश्चित कृती, जसे की आदेश, आवश्यक ठेवली असेल, तर ती कृती झाल्याखेरीज तसा अर्थ निघत नाही.

ही प्रकरणे सार्वजनिक सेवेतील आहेत आणि खासगी कंपनीच्या पत्राला ती जशीच्या तशी लागू होतात, असे म्हणावयाचे नाही. अनुवादाच्या दृष्टीने त्यांचा बोध निराळा आहे. नमुना पत्रातील कलम तिसऱ्या वर्गाच्या जवळचे आहे. 'लेखी' हा शब्द गाळला तर ते दुसऱ्या वर्गात जाते. तीन महिन्यांची मर्यादाही गाळली तर ते पहिल्या वर्गात जाते. दोन शब्दप्रयोग गाळल्याने एकाच कलमाचे कायदेशीर रूप दोनदा पालटते. उमेदवाराच्या बाजूने पाहिल्यास, १५ जुलै २०२४ रोजी रुजू झालेल्याची सहा महिन्यांची मुदत १४ जानेवारी २०२५ रोजी संपते आणि वाढीव मुदत फार तर १४ एप्रिल २०२५ पर्यंत जाते. त्यानंतरही पत्र आले नाही तर काय, याविषयी मूळ पत्रात कमाल मर्यादा एकीकडे आणि लेखी आदेशाची अट दुसरीकडे असा ताण आहे. हा ताण सोडविणे न्यायालयाचे किंवा वकिलाचे काम आहे. अनुवादकाने दोन्ही अटी जशाच्या तशा मराठीत ठेवल्या, म्हणजे त्याचे काम झाले. प्रस्तुत अनुवादकाने तो ताण उमेदवाराला सुखावणाऱ्या एका वाक्यात मिटवून टाकला आहे. अशा अनुवादावर विसंबलेला तरुण १५ जानेवारीपासून स्वतःला कायम समजू लागतो आणि लेखी आदेशाची मागणी करीत नाही.

पूर्वसूचना : दिवस आणि रक्कम

पूर्वसूचनेच्या कलमाचा अनुवाद असा आहे : 'उभय पक्षांस दोन महिन्यांची सूचना देऊन अथवा तेवढ्या काळाचे वेतन देऊन नोकरी संपुष्टात आणता येईल.' मूळ पत्रात परिवीक्षेच्या काळात १५ दिवस आणि कायम झाल्यावर ६० दिवस अशी दोन भिन्न मापे आहेत. अनुवादात पहिले माप नाही आणि दुसरे बदललेले आहे.

'सूचना' या शब्दाला मराठीत सल्ला, आदेश आणि आगाऊ कळविणे असे तीन अर्थ आहेत. 'पूर्वसूचना' किंवा सरळ 'नोटीस' असे लिहिल्यास संदिग्धता राहत नाही. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात 'नोटीस' रुळलेला आहेच.

'६० दिवस' आणि 'दोन महिने' हे समानार्थी नाहीत. १ जुलै २०२५ रोजी राजीनामा देऊन दुसऱ्या दिवसापासून मोजल्यास साठावा दिवस ३० ऑगस्ट रोजी येतो आणि दोन महिने १ सप्टेंबरला पुरे होतात. हेच १ जानेवारी २०२६ रोजी केल्यास साठावा दिवस २ मार्चला आणि दोन महिने १ मार्चला भरतात. एकदा महिन्यांचे माप लांब ठरते, एकदा दिवसांचे. फरक एकदोन दिवसांचाच असला तरी नव्या कंपनीत १ सप्टेंबरलाच रुजू व्हावयाचे असेल, तर तेवढा फरक पुरतो. मूळ पत्रात दिवस असतील तर दिवसच लिहावेत. ते सलग मोजावयाचे की कामाचे, हेही मूळ पत्राप्रमाणेच ठेवावे. आठवड्याचे पाच दिवस काम असेल तर कामाचे ६० दिवस म्हणजे बारा आठवडे होतात.

याहून मोठा फरक पर्यायाच्या मालकीचा आहे. मूळ पत्रात नोटिशीऐवजी मूळ वेतन देण्याचा पर्याय कंपनीला आहे. कर्मचाऱ्याने मात्र ६० दिवस काम करावयाचे असून, कंपनीने लेखी मान्यता दिली तरच उरलेल्या दिवसांचे मूळ वेतन भरून त्याला लवकर जाता येते. अनुवादातील 'उभय पक्षांस' या शब्दाने हा पर्याय दोघांनाही समान वाटून दिला आहे. समतोल वाक्यरचनेची ओढ आणि 'उभय पक्ष' या करारभाषेतील ठरावीक शब्दप्रयोगाची सवय, या दोहोंतून हा दोष आला असावा. मूळ कलम असमान असेल तर अनुवादही असमानच असला पाहिजे. त्यातील अन्याय दिसावयाचा असेल तर तो अनुवादात दिसला पाहिजे.

शेवटी रक्कम. समजा, कर्मचाऱ्याने ४० दिवस काम केले आणि कंपनीने उरलेले २० दिवस रक्कम भरून सोडविण्यास मान्यता दिली. पत्रानुसार महिन्याचे ३० दिवस धरल्यास मूळ वेतनावर ही रक्कम १२,१३३ रुपये होते. कपातीपूर्वीच्या वेतनावर ती १९,६५३ रुपये होते. 'वार्षिक वेतन ४,२०,०००' या आकड्यावर २३,३३३ रुपये होते. अनुवादात केवळ 'तेवढ्या काळाचे वेतन' असल्याने तिन्ही वाचने संभवतात आणि पहिल्या व तिसऱ्या वाचनात जवळजवळ दुपटीचे अंतर पडते. वेतनाच्या परिच्छेदात शब्दांची जी गल्लत झाली, तिची किंमत येथे रुपयांत मोजावी लागते. एका कलमातील शब्द दुसऱ्या कलमातील रक्कम ठरवितो. म्हणून अशा संहितेचा अनुवाद परिच्छेदाने परिच्छेद न करता, आधी राशींची यादी करून प्रत्येकीस एक शब्द नेमून देऊन करावा लागतो.

पर्यायी पाठ

वरील विवेचनाच्या आधारे तीन कलमांचा पर्यायी पाठ असा सुचविता येईल.

वेतनाविषयी : 'आपल्यापोटी कंपनीचा एकूण वार्षिक खर्च जास्तीत जास्त रु. ४,२०,००० राहील. त्यातील कपातीपूर्वीचे मासिक वेतन रु. २९,४८० असून त्यात मूळ वेतन रु. १८,२००, घरभाडे भत्ता रु. ७,२८० आणि विशेष भत्ता रु. ४,००० यांचा समावेश आहे. उर्वरित रक्कम निधीतील कंपनीचे अंशदान, उपदानाची तरतूद, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर आधारित बदलती रक्कम यांची आहे.'

परिवीक्षेविषयी : 'रुजू झाल्याच्या दिनांकापासून सहा महिने आपण परिवीक्षेवर राहाल. कंपनी ही मुदत आणखी जास्तीत जास्त तीन महिन्यांनी वाढवू शकेल. कंपनीने लेखी आदेशाने कायम केल्याखेरीज आपण परिवीक्षेवरच आहात असे मानले जाईल.'

पूर्वसूचनेविषयी : 'परिवीक्षेच्या काळात नोकरी संपविण्यासाठी कोणत्याही पक्षाने १५ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागेल. कायम झाल्यानंतर ही पूर्वसूचना ६० दिवसांची राहील. कंपनी पूर्वसूचनेऐवजी तितक्या दिवसांचे मूळ वेतन देऊ शकेल. कर्मचाऱ्यास मात्र कंपनीच्या लेखी मान्यतेनेच उरलेल्या दिवसांचे मूळ वेतन भरून मुदतीपूर्वी जाता येईल.'

या पाठात उपदान पाच वर्षांनी मिळते किंवा हाती २७,०९६ रुपये येतील, असे कोठेही लिहिलेले नाही, कारण ते मूळ पत्रात नाही. ही माहिती वाचकाच्या उपयोगाची आहे, परंतु तिची जागा अनुवादाखाली, 'अनुवादकाची टीप' अशा स्पष्ट नावाने असावी. अनुवादात मिसळलेले स्पष्टीकरण कंपनीचे वचन म्हणून वाचले जाते. त्याचबरोबर, दोन्ही पाठांत फरक आढळल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानावा, हे वाक्य अनुवादाच्या अखेरीस नव्हे तर आरंभी असणे उचित ठरेल.

निष्कर्ष

नमुना अनुवादातील दोष भाषेच्या अज्ञानातून आलेले नाहीत. शब्दांची पुनरुक्ती टाळणे, कर्मणी रचनेने भारदस्तपणा आणणे, समतोल वाक्ये रचणे आणि पाल्हाळ कापणे या चांगल्या गद्यलेखनाच्या सवयींतून ते आले आहेत. प्रस्तावपत्रात प्रत्येक संज्ञा ही एक राशी असते आणि प्रत्येक क्रियापद हे एकतर बंधन असते किंवा अधिकार. तेथे या सवयी बाजूस ठेवाव्या लागतात.

अनुवाद बिनचूक झाला की नाही, हे ताडण्यासाठी मूळ इंग्रजी न पाहिलेल्या एखाद्या वाचकाला केवळ मराठी पाठावरून तीन उत्तरे काढावयास सांगता येतील : कपातीपूर्वी दरमहा किती रक्कम जमा होईल, परिवीक्षा जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत वाढू शकते, आणि नोटिशीचे वीस दिवस कमी पडले तर कोणाच्या संमतीने व किती रक्कम भरावी लागेल. प्रस्तुत अनुवादावरून या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चुकतात किंवा निघतच नाहीत. पर्यायी पाठावरून ती रु. २९,४८०, १४ एप्रिल २०२५ आणि कंपनीच्या लेखी मान्यतेने रु. १२,१३३ अशी निघतात. मूळ इंग्रजी पत्रावरूनही हीच उत्तरे येतात.